व्हेंडरचा अहवाल साहेबांपुढे कसा ठेवायचा: तक्ता की थेट निष्कर्ष?

कंत्राट देण्यापूर्वीच्या तपासणीत व्हेंडरची प्रश्नावली भरून आली, पुरावे तपासून झाले, आता प्रोक्युअरमेंट हेडला मेल टाकायचा. इथे दोन पंथ आहेत. एक म्हणजे विभागवार तक्ता: आर्थिक, कायदेशीर, माहिती सुरक्षा, मनुष्यबळ, प्रत्येकापुढे गुण आणि लाल-पिवळा-हिरवा रंग. दुसरा म्हणजे पहिल्याच ओळीत शिफारस, खाली दोन-तीन निष्कर्ष, बाकी सगळं जोडपत्रात. मी चारेक वर्षं पहिल्या पंथात होतो.

तक्त्याला नावं ठेवायची नाहीत. तीन व्हेंडर शेजारी शेजारी लावायचे असतील तर त्याच्यासारखं सोयीचं काही नाही, आणि ऑडिटवाल्यांनाही तोच लागतो. फोनवर उघडला की तिसरा रकाना पडद्याबाहेर जातो, पण ते एक वेळ चालवून घेता येतं.

मला नडली ती सरासरी. पगाराचं काम बाहेर द्यायचं होतं, त्यासाठी एक व्हेंडर तपासत होतो. एकूण गुण आले ८६ टक्के. माहिती सुरक्षेचा विभाग हिरवा, कारण 'आयएसओ २७००१ आहे का?' याला उत्तर 'हो' आणि सोबत प्रमाणपत्र. मुदतही शिल्लक होती. पण प्रमाणपत्रावर व्याप्तीची एक बारीक ओळ असते, ती वाचली तर त्यात फक्त पुण्याचं मुख्य कार्यालय. आमच्या लोकांचे पगार होणार होते नागपूरच्या केंद्रात, आणि त्या केंद्राचा प्रमाणपत्रात उल्लेखच नाही! म्हणजे कागद खरा, पण आपल्या कामाला तो लागू नाही. तक्त्यात मी हे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं. आमच्या प्रोक्युअरमेंट हेड मॅडमनी ८६ पाहिलं आणि उत्तर आलं, "छान, पुढे जाऊया ना?" चूक त्यांची नव्हती. मीच त्यांना आकडा आधी दाखवला होता.

तेव्हापासून मी दुसऱ्या पद्धतीने लिहितो. मेल अर्थातच इंग्रजीत जातो, पण त्याच व्हेंडरचा दुसऱ्यांदा लिहिलेला मेल मराठीत साधारण असा होता:

"मॅडम, शिफारस: सशर्त मंजुरी. करारावर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी हव्यात.

१. आयएसओ प्रमाणपत्रात नागपूर केंद्र नाही. पुढच्या वार्षिक ऑडिटमध्ये ते व्याप्तीत घेऊ असं व्हेंडर म्हणतो. लेखी तारीख मागितली आहे. तोवर काम पुण्यातूनच करून घ्यावं.

२. सायबर घटना घडल्यास ७२ तासांत कळवू, असं उत्तर आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार त्यांना स्वतःलाच घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवावं लागतं. आपल्यालाही त्याच वेळी कळवण्याचं कलम करारात हवं.

पीएफ आणि ईएसआयची गेल्या सहा महिन्यांची चलनं मी पाहिली, ठीक आहेत. कर्मचाऱ्यांच्या पार्श्वभूमी तपासणीबद्दल फक्त व्हेंडरचं लेखी म्हणणं आहे, नमुना फाइल मिळालेली नाही."

(७२ तास हा आकडा युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यातला. कुठल्यातरी जुन्या प्रश्नावलीतून उत्तर जसंच्या तसं उचललेलं, हे अशा जागी कळतं.)

शेवटचा परिच्छेद मला सगळ्यात मोलाचा वाटतो. काय डोळ्यांनी पाहिलं आणि कशावर नुसता विश्वास ठेवला, ही फोड तक्त्यात होत नाही. तिथे पुराव्यासकट आलेला 'हो' आणि कोरडा 'हो' दोघांनाही पूर्ण गुण. गुण देण्याची पद्धत बदलून हे सुधारता येईल, असं एक सहकारी म्हणतो. असेलही. आमच्याकडे तो खटाटोप दोनदा झाला आणि दोन्ही वेळा प्रश्नावलीच लांबली.

थेट निष्कर्षांच्या पद्धतीत जोखीम लिहिणाऱ्यावर येते, हे मान्य. काय वर घ्यायचं आणि काय जोडपत्रात ढकलायचं, हे तुम्ही ठरवता. एखादी गोष्ट खाली राहिली आणि पुढे तीच उलटली, तर विचारणा तुम्हालाच. नवीन माणसाला मी म्हणूनच पहिले काही महिने तक्ताच करायला सांगेन. वस्तू किरकोळ असेल, हाउसकीपिंगचं सामान वगैरे, तर तक्ताही पुरतो. पण व्हेंडरच्या हातात आपल्या लोकांची बँक खाती आणि पॅन जाणार असतील, तर मी तरी गुणांचा आकडा मेलच्या अंगात येऊ देत नाही. तो जोडपत्रात, दुसऱ्या पानावर.

त्या दुसऱ्या मेलला मॅडमचं उत्तर एका ओळीचं होतं: "नागपूरची तारीख कधी मिळतेय?"