पाळकीय प्रार्थना: पूर्ण लिहून वाचावी की चिठ्ठीवरून करावी?

रविवारच्या उपासनेत मंडळीची सुखदुःखं देवापुढे ठेवायची पाळी नव्यानं ज्यांच्यावर आली आहे, त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. यवतमाळकडच्या खेड्यातल्या एका लहान मंडळीत मी दोन्ही प्रकारे प्रार्थना केली आहे. ऑक्टोबरमधला एकच रविवार घेऊन दोन्हींची तुलना करतो.

त्या आठवड्यात एका घरची मुलगी नर्सिंगची परीक्षा पास झाली होती. कापून ठेवलेलं सोयाबीन पावसात भिजलं होतं. आणि गुरुवारी मंडळीतल्या एका कास्तकारानं जीव दिला होता.

चिठ्ठीवर फक्त तीन शब्द असतात: नर्सिंग, सोयाबीन, गुरुवार. आनंदाला एवढं पुरतं. मुलीचे आईबाप समोर बसलेले दिसतात, आवाज आपोआप मोकळा होतो, आणि ‘बापा, या लेकीसाठी तुझे आभार’ हे वाक्य लिहून ठेवावं लागत नाही. सोयाबीनचंही तसंच. दारात भेटलेला माणूस सांगतो की ढीग झाकायला ताडपत्री पुरली नाही, आणि ते प्रार्थनेत तिथल्या तिथे येतं. शनिवारी लिहिलेल्या कागदावर ते येऊ शकत नाही.

चिठ्ठी फसते ती तिसऱ्या शब्दापाशी. शब्द सापडत नाहीत, मग ‘बापा, बापा’ वाढत जातं आणि शांतता भरायला नको ते तोंडून निघतं. मी एकदा ‘कर्जाला कंटाळून’ असं बोलून गेलो होतो. कारण खरं होतं की नाही मला माहीत नव्हतं, आणि गेलेल्या माणसाची बायको दुसऱ्या बाकावर बसली होती. तिनं मान वर केली नाही. तेव्हापासून दुःखाचा भाग मी लिहिल्याशिवाय बोलत नाही.

ऑक्टोबरच्या त्या रविवारी तो असा लिहिला होता:

‘बापा, गुरुवारपासून आमच्या एका घरात अंधार आहे. त्या घरातली आई, बायको आणि दोन लेकरं तुझ्यासमोर आहेत. त्यांच्याशी काय बोलावं, आम्हांला सुचत नाही. तू त्यांच्याजवळ राहा. त्यांच्या दारात जायचं बळ आम्हांला दे. आज इथं कोणाच्या मनावर असंच ओझं असेल, तर त्याला आजच कोणाशी तरी बोलता येऊ दे.’

यात मृत्यूचं कारण नाही, पद्धत नाही, ‘तुझी इच्छा’ही नाही. घरच्यांनी होकार दिला असता तर नाव घेतलं असतं. आजारपणाचाही हाच नियम: शनिवारी घरी जाऊन विचारायचं, ‘उद्या प्रार्थनेत नाव घेऊ का?’

लिहिण्याचा धोका वेगळा आहे. हातात पेन आलं की बोली सुटते आणि ‘दुःखसागरात बुडालेल्या, आधार गमावलेल्या या कुटुंबास सांत्वन प्राप्त होवो’ अशी वाक्यं उतरतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य लांबलं की नेमकं काय मागितलं हे ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून आधी माणूस, मग एकच मागणी, मग थांबायचं. लिहून झालं की मोठ्यानं म्हणून पाहावं. जिथं मध्येच श्वास घ्यावा लागतो तिथं वाक्य तोडावं.

कागद तपासताना ‘आपण’ शोधा. प्रार्थनेत ऐकणारा देव असतो, म्हणून ‘आम्ही’ हवं. ‘आपण एकमेकांना मदत करूया’ असं लिहिलंत की तोंड मंडळीकडे वळलं आणि उपदेश सुरू झाला. ‘प्रभू, तुला माहीत आहे की बुधवारी महिला मंडळाची सभा आहे’ हीसुद्धा प्रार्थना नाही, ती सूचना आहे. ती सूचनांच्या वेळी द्यावी.

काही ठिकाणी प्रत्येक विनंतीनंतर मंडळी ‘प्रभू, आमची प्रार्थना ऐक’ म्हणते. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही त्यात भाग घेता येतो. मात्र त्याआधी आपण म्हणायचे इशाऱ्याचे शब्द दर वेळी तेच ठेवावे लागतात, नाहीतर अर्धे लोक गप्प राहतात.

तुम्ही नवीन असाल तर पहिले दोन-तीन महिने सगळं लिहा, पण आनंदाच्या आणि शेतीच्या भागाखाली दोन-दोन ओळी कोऱ्या सोडा, सकाळी दारात कळलेलं तिथं लिहायला. सवय झाली की त्या भागांची चिठ्ठी करा. दुःखाचा भाग मात्र वीस वर्षांनीही लिहूनच न्या. माझी पूर्ण प्रार्थना चार मिनिटांची असते आणि त्यातलं जवळजवळ एक मिनिट त्या सहा-सात वाक्यांना जातं, कारण प्रत्येक वाक्यानंतर मी थांबतो.