शब्दांतून व्हिडिओ बनवताना पाणी, कापड आणि धूर तरंगू नयेत म्हणून: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

वर्णन लिहून व्हिडिओ तयार करून देणारी तीन-चार साधनं सात-आठ महिने आलटून-पालटून वापरल्यावरचा हा अनुभव आहे. चेहरे, उजेड, पोत यांत ही साधनं बऱ्यापैकी सुधारली आहेत. अडतं ते वजनापाशी. बादलीतून ओतलेलं पाणी जेलीसारखं लोंबतं, ओला टॉवेल पिसासारखा खाली येतो. यातला काही दोष साधनाचा आहे, पण बराचसा वर्णनाचा आहे, आणि तेवढा सुधारता येतो.

आधी दोष मोजायचा कसा ते पाहू. एक मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू साधारण 0.45 सेकंदात जमिनीवर येते. सेकंदाला 24 फ्रेमच्या क्लिपमध्ये याच्या 11 फ्रेम होतात. व्हीएलसी प्लेअरमध्ये क्लिप थांबवून E दाबत गेलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. कंबरेएवढ्या उंचीवरून निघालेल्या पाण्याला फरशी गाठायला 18 फ्रेम लागत असतील, तर त्या दृश्यातलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जेमतेम 36 टक्के उरलं, म्हणजे जवळपास मंगळावरचं. डोळा हे गणित करत नाही, पण त्याला खटकतं ते नेमकं हेच.

दुसरी खूण वेग वाढण्याची. पडणारी वस्तू पहिल्या निम्म्या वेळात पाव अंतरच कापते आणि उरलेलं पाऊण अंतर दुसऱ्या निम्म्या वेळात. प्रत्येक फ्रेममध्ये पाणी सारखंच अंतर खाली येत असेल, तर ते पडत नाहीये, सरकतंय. हे दोन दोष वेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

आता उदाहरण. पहिल्या फेरीत वर्णन बहुधा असं लिहिलं जातं:

```
एक माणूस बादलीतलं पाणी दगडी फरशीवर ओततो. जड पाणी संथपणे
खाली कोसळतं, थेंब हवेत सुंदर उडतात. सिनेमॅटिक.
```

यात तीन चुका आहेत. «जड» आणि «संथ» हे शब्द जोडीने आले. जड वस्तू हळू पडते हा आपल्याच डोक्यातला घोळ वर्णनात उतरतो आणि साधन इमानदारीने स्लो मोशन देतं. दुसरी चूक «सुंदर» आणि «सिनेमॅटिक» यांची. थेंब सुंदर दिसावेत म्हणून जे चित्रण होतं ते बहुतेक वेळा स्लो मोशनमध्येच होतं, त्यामुळे हे शब्द त्याच दिशेला ओढतात. तिसरी चूक सहज लक्षात येत नाही. क्लिप 5 सेकंदांची मागितली आहे आणि वर्णनात घटना एकच आहे, तीही अर्ध्या सेकंदाची. उरलेले साडेचार सेकंद भरायचे कशाने? साधन तीच घटना ताणतं.

म्हणून वर्णनात घटनेच्या आधीचं आणि नंतरचंही लिहायचं:

```
स्थिर कॅमेरा, गुडघ्याच्या उंचीवर. कोरडी दगडी फरशी. माणूस भरलेली
बादली दोन्ही हातांनी धरून उभा, खांदे खाली ओढलेले. तो बादली
एका झटक्यात उलटी करतो. पाणी एका लोटात फरशीवर आदळतं, चपटं
होतं आणि चहूकडे पसरतं. शिंतोडे गुडघ्यापर्यंत उडून लगेच खाली
पडतात. नंतर पाणी दगडांच्या फटींतून वाहत राहतं, बादलीच्या
काठावरून थेंब ठिबकतात. नेहमीचा वेग.
```

इथे «जड» हा शब्द कुठेच नाही. वजन दिसतं ते ओढलेल्या खांद्यांत, आदळून चपटं होण्यात आणि नंतर उरलेल्या ओघळांत. शिंतोड्यांना उंचीची मर्यादा घातली, कारण गुडघ्यापर्यंत, म्हणजे अर्धा मीटर उडालेला थेंब वर जाऊन परत यायला 15-16 फ्रेमच घेतो. मर्यादा नसली की थेंब हवेतच रेंगाळतात. कॅमेरा स्थिर ठेवल्याने फ्रेमही मोजता येतात. कॅमेरा हळूहळू पुढे सरकत असेल तर सगळं दृश्यच त्याच्या संथ चालीला लागतं.

«स्लो मोशन नको» असं मुख्य वर्णनात लिहिणं मात्र बऱ्याचदा उलटतं, कारण नकार सुटतो आणि स्लो मोशन शिल्लक राहतं. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असेल तर तिथे लिहावं, नसेल तर नेहमीचा वेग मागावा.

एवढं करूनही क्लिप थोडी संथ आली आणि वेग वाढण्याचा क्रम बरोबर असला, तर पुन्हा बनवत बसण्यापेक्षा ffmpeg या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅमने वेग बदलावा. 18 फ्रेमच्या 11 करायच्या तर भागाकार 1.6 येतो:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "setpts=PTS/1.6,fps=24" -an out.mp4
```

5 सेकंदांची क्लिप यात सुमारे 3.1 सेकंदांची होते. चौकटीत माणूस नेहमीच्या वेगाने वावरत असेल तर तो धावपळ करताना दिसेल, तेव्हा हा उपाय फक्त पाण्याच्या जवळच्या दृश्यांना. आणि सारख्या वेगाने सरकणाऱ्या पाण्याला याने काही फरक पडत नाही; ते फक्त भरभर सरकतं.

कापडाचं प्रकरण जास्त अवघड, कारण इथे हवेचाही हात असतो. लोंबत्या कापडाचा झोका त्याच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. 60 सेंटीमीटर लांबीचं कापड, सुती असो की घोंगडीसारखं जाड, एका हेलकाव्याला साधारण 1.3 सेकंदच घेतं. फरक पडतो तो हेलकावे किती वेळा होतात आणि हवा त्याला किती ढकलते यात. म्हणून जाड झग्यासाठी «जड झगा हळू हलतो» असं न लिहिता «ती वळते, झग्याची खालची कड अर्धं पाऊल मागे राहते, मग येऊन पायांवर आपटते आणि एका हेलकाव्यात थांबते, घड्या सरळ खाली उतरलेल्या» असं लिहावं. कडेचं मागे राहणं आणि थांबणं या दोन गोष्टी लिहिल्या की निम्मं काम होतं. «लहरणारा», «अलगद», «डौलदार» हे शब्द जाड कापडाच्या आसपासही नकोत. ओल्या कापडाला तर फडफड नसतेच: ते अंगाला चिकटतं, घड्या एकमेकींना धरून राहतात, पाणी खालच्या टोकाशी जमून ठिबकतं. वाऱ्याचा उल्लेख असेल तर किती आणि कुठून ते सांगावं, नाहीतर साधन बंद खोलीतही वारा सोडतं.

धुराला वजन देणं म्हणजे त्याला कारण देणं. विझवलेल्या मेणबत्तीचा धूर आधी सरळ बारीक धारेत चढतो, थोडं वर गेल्यावर विस्कटतो आणि मग मंद होत पसरतो. ड्राय आइसचं धुकं थंड आणि हवेपेक्षा जड असल्याने टेबलाच्या काठावरून खाली घरंगळतं. नुसतं «धूर पसरतो» लिहिलं तर साधन सगळीकडे सारखाच घोळणारा ढग देतं. उगम, दिशा आणि अडथळा लिहावा: धूर छताला लागतो, तिथे चपटा होतो, भिंतीवरून पुन्हा खाली वळतो.

शब्दांनी न सुटणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे हिशेब. पाण्याच्या जगमधून ओतलेलं पाणी आणि पेल्यात चढलेलं पाणी यांचा मेळ या साधनांना अजून भरवशाने जमत नाही. पेला भरतो, तरी जग तेवढाच भरलेला राहतो. वर्णन कितीही बारीक केलं तरी हे नशिबावरच. अशा दृश्यात जग अपारदर्शक घ्यावा आणि चौकट पेल्यापुरती ठेवावी.