360 च्या वर्षाने माझे 30,027 रुपये खाल्ले

सांगायला लाज वाटते. चोपडा तालुक्यात 22 वर्षं जिनिंग चालवतो, कापसाच्या गाडीत क्विंटलमागे किती घट येईल ते हात घालून सांगतो, आणि फसलो व्याजात.

एप्रिल 2023 मध्ये एका खासगी फायनान्स कंपनीकडून 60 लाख घेतले. 12 टक्के, तीन वर्षं फक्त व्याज, मुद्दल शेवटी. पहिल्या महिन्याचं व्याज आलं 60,000. वर्षाचे 7,20,000, भागिले बारा, बरोबर! खूश झालो. तिथेच गळा कापला गेला, भो.

मे महिन्यात 62,000 लागले. 31 दिवस आहेत, जास्त लागणारच, असं मीच माझी समजूत घातली. अरे, पण किती जास्त? 365 ने भागलं तर दिवसाचे 1,972.60 पडतात, मे महिन्याचे 61,150.68. ते दिवसाचे पूर्ण 2,000 लावत होते, म्हणजे वर्ष 360 दिवसांचं धरत होते. एप्रिल 30 दिवसांचा, म्हणून आकडा गोड दिसला. 30 दिवसांच्या महिन्यावर तपासू नका, त्यात काहीच कळत नाही.

हिशेब विचारला तर त्यांचा माणूस म्हणे, "शेठ, महिना 30 चा, बारा महिने 360, सगळीकडे असंच असतं." खोटं! महिना 30 चाच धरायचा तर मे महिन्यातही 60,000 च घ्या ना. दिवस मोजताना कॅलेंडरचे 31 आणि भागताना 360, हीच खरी मेख. डॉलरच्या कर्जात ही पद्धत चालते, पण माझं कर्ज रुपयाचं होतं. 12 टक्के म्हणून घेतलेलं कर्ज 12.17 ला पडलं.

परतफेडीच्या वेळी भाच्याने एक्सेलमध्ये हे टाकलं:

```
=6000000*12%*31/365
```

मग सगळे 1,096 दिवस तपासले. भरले 21,92,000, व्हायला हवे होते 21,61,972.60.

तक्रार केली. शाखेने जळगावला पाठवलं, जळगावने मुंबईचा ईमेल दिला, मुंबईने महिनाभराने एका ओळीत कळवलं की करारावर तुमची सही आहे. वर दाद मागितली तर तिथेही तेच: अट लेखी आहे, प्रकरण बंद. दोन चकरा, झेरॉक्स, वकिलाचे 3,000 वेगळेच. अट होती हे खरं, पान 17 वर, मुंगीएवढ्या अक्षरात: 'प्रत्यक्ष दिवस भागिले 360'. सरकीच्या हंगामात, दारात गाड्या उभ्या असताना कोण पान 17 वाचतं? तुम्ही वाचा. दर विचारता तसा भाजक विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

त्याच कंपनीने दिलेलं कॅलेंडर गादीमागे लटकतंय. परवा चौकटी मोजल्या. 365 आहेत.