बाईक ऑइल पिते : व्हॉल्व्ह सील की रिंगा? (सील बदलून काही महिने वापरल्यानंतर)

माझी 125 सीसी जुनी गाडी, अमरावती-परतवाडा-धारणी असं चालणं. ऑइल बदललं की पुढच्या बदलाआधीच डिपस्टिक खालच्या खुणेच्याही खाली, वरून 300 मिली टाका लागे. खाली गळती कुठंच नाही, म्हणजे ऑइल आतच जळून राहिलं होतं. गॅरेजवाल्यानं निळा धूर पाहिला न म्हणला, "भाऊ, बोअर-पिस्टन करा लागते."

पण धूर कधी निघते हे पाहणं महत्त्वाचं. माझ्या गाडीचा रात्रभर उभी राहून सकाळी स्टार्ट केल्यावर एक भपकारा निघे न मग साफ. दुसऱ्यांदा चिखलदऱ्याहून घाट उतरताना, एक्सिलेटर बंद ठेवून गियरवर गाडी बराच वेळ खाली आणली न मग एक्सिलेटर दिलं की मागं निळा ढग. एक्सिलेटर बंद असताना इंजिन जोरात ओढ घेते, हवा मिळत नाही, मग इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यावरून कडक झालेल्या सीलमधून ऑइल खाली ओढल्या जाते. रात्री तेच हळूहळू झिरपते. चढावर, डबलसीट ओढताना मात्र धूर नव्हता.

रिंगा गेल्या की उलट असते. लोड दिला की धूर, न गरम झाल्यावरही चालूच. गावातल्या एका भावाच्या गाडीचं असंच होतं, कापसाच्या दिवसांत फाटलेल्या एअर फिल्टरवर धुळीत चालवली, किक हलकी लागे न ब्रीदर पाइपातून एअर बॉक्समध्ये ऑइल साचे, कारण रिंगांच्या बाजूनं गॅस खाली क्रँककेसमध्ये जाऊन राहिला होता.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन मोजलं, इंजिन गरम, प्लग काढून, एक्सिलेटर पूर्ण उघडून किक मारत. माझी 150 पीएसआय. प्लगच्या भोकातून छोटा चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं तर 155. फरक नाहीच म्हणा. त्या भावाची 95 वरून 130 वर गेली, म्हणजे ऑइलनं रिंगांची फट भरली. जास्त ऑइल टाकू नका, त्यानं जागा भरून आकडा उगाच वाढते. आडव्या सिलिंडरच्या गाड्यांत ऑइल एका बाजूला साचते, तिथं या टेस्टवर भरवसा कमी ठेवा. न खराब सीलनं कॉम्प्रेशन पडतच नाही, म्हणून आकडा चांगला आहे न गाडी ऑइल पिऊन राहिली तर सीलवर संशय घ्या.

मग हेड उघडून दोन्ही सील बदलले. जुने सील नखानं दाबले तर लाकडासारखे कडक. व्हॉल्व्ह थोडा बाहेर ओढून आडवा हलवून गाइडमधला लूज पाहायला सांगितलं, गाइड घासला असला तर नवीन सील लवकरच जाते. माझा ठीक निघाला. आता काही महिने झाले, घाट उतरून एक्सिलेटर दिलं तरी मागं धूर नाही, न ऑइल बदलताना लेव्हल दोन खुणांच्या मधातच सापडते.