मेंदीच्या फोटोंचे नमुने बघून पैसे देऊ नका : आमची ७,२०० रुपयांची फसवणूक

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तिच्या हातावर मेंदी नव्हती. चार दिवस आधी बाजारातल्या काळ्या कोनाचा एक ठिपका मनगटावर लावून बघितला, तर दुसऱ्या दिवशी तिथे पुरळ उठून कातडी लालबुंद झाली. अशा काळ्या कोनांत केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असू शकतं. डॉक्टरांनी हाताला काहीही लावू नका म्हणून सांगितलं. लग्न छान झालं, पण अल्बमसाठी फोटो निवडायला बसलो की ती प्रत्येक फोटोत आधी हात बघायची आणि गप्प व्हायची. मला ते बघवेना. फोटोत मेंदी घालून देणारा माणूस मी फोनवर शोधला.

त्याने आधी आणि नंतर अशा चार जोड्या पाठवल्या. काम खरंच सुंदर दिसत होतं. बोटाच्या कडेला वेल वळून मागे जात होती आणि पेरावरच्या सुरकुत्यांत रेघ किंचित तुटत होती. एका फोटोचे ६०० रुपये, असे १२ फोटो, निम्मे पैसे आधी. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आले. फोनवर बरे वाटले, म्हणून मी उरलेले ३,६०० लगेच पाठवले आणि मग मोठ्या फाइल मागवून अल्बमवाल्या दादांकडे दिल्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "ताई, हे मोठं करून बघितलंत का? हे चिकटवलंय."

त्यांच्या दुकानातल्या स्क्रीनवर हार हातात घेतलेला फोटो उघडला. बहिणीची बोटं हाराभोवती वळलेली, मनगटात हिरवा चुडा. तर्जनीवरची पानं दोन बोटांमधली फट ओलांडून थेट मधल्या बोटावर गेली होती. एक कोयरी अर्धी कातडीवर आणि अर्धी शेवंतीच्या पाकळ्यांवर. नखावरही जाळी आणि बांगड्यांवरून गेलेली वेल. डाव्या हातावर तेच डिझाइन उलटं करून टाकलेलं, ठिपक्याला ठिपका जुळत होता. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, कारण हे फोटो मी बहिणीला आधीच पाठवले होते.

बोटावरची मेंदी सपाट का दिसते, हे दादांनी कागदाची पट्टी घेऊन दाखवलं. ते मला इतकं पटलं की इथे सविस्तर सांगते. फोटोत बोट १०० पिक्सेल रुंद दिसतंय असं धरा. बोट गोल, त्यामुळे समोर दिसणारा अर्धा घेर प्रत्यक्षात १५७ पिक्सेलचा होतो. त्या घेराचे सारखे तीन भाग केले, तर प्रत्येक भाग साधारण ५२ चा. मधला भाग फोटोत ५० जागा घेतो, म्हणजे जवळजवळ जसाच्या तसा दिसतो. कडेचे दोन भाग मात्र प्रत्येकी फक्त २५ पिक्सेलमध्ये बसावे लागतात. म्हणून खऱ्या मेंदीत कडेची फुलं अरुंद होत जातात, रेघा एकमेकींजवळ येतात आणि नक्षी कडेवरून पलीकडे निघून जाते. आमच्या फोटोत फुलं मध्यापासून कडेपर्यंत एकाच मापाची होती आणि कडेला कात्रीने कापल्यासारखी संपत होती. बोटाभोवतीचे पट्टेही आडवे सरळ. खरं तर बोट कॅमेऱ्याकडे किंवा कॅमेऱ्यापासून दूर कललेलं असलं, की पट्टा बांगडीसारखा कमानीत दिसतो, आणि वाकलेल्या बोटाच्या प्रत्येक पेरावर ती कमान बदलते.

मी त्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, Displace लावलंय, डिझाइन आपोआप वळतं." दादांनी हे खोडून काढलं. फोटोशॉपचं Displace फक्त उजेड आणि अंधार वाचतं आणि त्याप्रमाणे नक्षी थोडी इकडेतिकडे सरकवतं. पेरावरच्या सुरकुत्यांसाठी ते कामाचं आहे, पण बोट गोल आहे हे त्याला कळत नाही. आमच्या फोटोत हाराची सावली तळव्यावर पडली होती, तिथे नक्षी खड्ड्यात घसरल्यासारखी वाकडी झाली होती. गोलाई हातानेच द्यावी लागते. प्रत्येक पेरासाठी नक्षीचा वेगळा तुकडा, वेगळ्या लेयरवर, Warp ने वळवलेला. मग नखं, अंगठ्या, बांगड्या आणि फुलं मास्क करून मोकळी करायची. रंगासाठी लेयर Multiply वर ठेवायचा, म्हणजे खालच्या कातडीच्या रेषा वर दिसत राहतात, आणि Blend If ने कातडीवरची चमक थोडी बाहेर येऊ द्यायची. शिवाय मेंदी सगळीकडे सारखी रंगत नाही. तळवा आणि बोटांची टोकं गडद, हाताची मागची बाजू आणि मनगट फिकं. आमच्याकडे टोकापासून कोपरापर्यंत एकच चॉकलेटी रंग होता.

मग मी त्याचे नमुने दादांना दाखवले. इतकं चांगलं काम येणाऱ्या माणसाने आमचं असं का केलं, हे मला कळेना. दादांनी पहिली जोडी मोठी केली आणि काही न बोलता 'आधी'च्या फोटोकडे बोट दाखवलं. त्यात कातडी मेणासारखी गुळगुळीत होती. पेरावर सुरकुती नाही, मनगटावर एक केस नाही. 'नंतर'च्या फोटोत मात्र सुरकुत्या, छिद्रं, लव, सगळं होतं. मेंदी नंतर घातली असती तर हे बारकावे 'आधी'च्या फोटोत असायलाच हवे होते, नक्षी घातल्याने कातडीला केस येत नाहीत. म्हणजे खरी मेंदी असलेल्या नवरीचा फोटो घेऊन त्याने मेंदी पुसली आणि पुसलेला फोटो 'आधी' म्हणून दाखवला. पुसायला अर्धा तास पुरतो. चारही जोड्या तशाच निघाल्या.

तुम्हाला असं काम करून घ्यायचं असेल, तर कुणाचाही नमुना ग्राह्य धरू नका. तुमच्याच फोटोतलं एक वाकलेलं बोट करून मागा, त्याचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्या. फाइल लेयरसकट PSD मागा आणि डॉक्युमेंट म्हणून मागा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलपर्यंत लहान होतो, आणि आमचे मूळ फोटो ६००० पिक्सेल रुंद होते, त्यामुळे मला दोष दिसलेच नाहीत. फाइल आली की नक्षीचा लेयर बंद करून बघा. खाली तुमचा मूळ हात जसाच्या तसा दिसला पाहिजे. आमच्या फाइल सपाट JPG होत्या, बंद करायला लेयरच नव्हता.

पैसे परत मागितल्यावर त्याने नंबर ब्लॉक केला. मी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, म्हणजे १९३० वर, आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली आहे, चॅटचे आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. अजून पैसे आलेले नाहीत.

दादांनी मूळ फोटोंवरून तीन फोटो नव्याने करून दिले. एका हाताला त्यांना चार तास लागले. हार घालतानाचा एक फोटो त्यांनी घेतलाच नाही, कारण हात हलल्याने तो पुसट होता आणि त्यावरची नक्षीही तितकीच, त्याच दिशेने पुसट करावी लागली असती. ते म्हणाले, "ते मला नीट जमणार नाही, ताई." बहिणीने उरलेल्या नऊ फोटोंत हात होते तसेच ठेवायला सांगितले.