प्रोफॉर्मावर पैसे घेतले आणि म्हणे ऑर्डर घेतलीच नव्हती

माझे ५,३६४ डॉलर गेले. माल आला नाही, पैसे परत मिळाले नाहीत आणि वर मेलमध्ये वाचावं लागलं की "तुमची ऑर्डर आम्ही कन्फर्म केलेलीच नाही." आयातीच्या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्या माणसाला या वाक्याचा अर्थच लागत नाही. पैसे घेतलेत, इन्व्हॉइस पाठवलंत, मग ऑर्डर नाही कशी? पण असं म्हणता यावं याची सोय कागदांमध्ये पहिल्या दिवसापासून करून ठेवलेली असते. कोटेशन, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस आणि ऑर्डर कन्फर्मेशन यांच्यातला फरक मला कुणी धड समजावून सांगितला असता, तर हे लिहायची वेळ आली नसती.

माल साधा होता. एक इंची बॉल व्हॉल्व्ह, स्टेनलेस स्टील ३१६, नग १,२००. ग्रेड महत्त्वाची होती, कारण ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइड असलेल्या पाण्यात तो ३०४ पेक्षा पुष्कळ जास्त टिकतो. माझ्या गिऱ्हाइकाला तोच हवा होता आणि मी विक्रेत्याला तसं स्पष्ट लिहून कळवलं होतं. कोटेशन आलं: नगाला १२.४० डॉलर, एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आणि जोखीम त्यांची. कोटेशनची मुदत १५ दिवस. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ: सर्व दर आमच्या लेखी कन्फर्मेशनच्या अधीन.

ही ओळ सगळेच टाकतात म्हणून मी तिच्यावर अडलो नाही, आणि नव्या माणसानं अडावं असं त्या ओळीत दिसतंही काही नाही. पण तिनं काय होतं ते ऐका. नुसतं मुदतीचं कोटेशन असतं, तर तो विक्रेत्याचा प्रस्ताव ठरू शकला असता. आंतरराष्ट्रीय मालविक्रीबद्दल संयुक्त राष्ट्रांचा १९८० चा करार आहे, सीआयएसजी म्हणतात त्याला. तो ज्या व्यवहाराला लागू होतो तिथे, प्रस्तावात स्वीकारण्याची ठराविक मुदत दिली असेल तर ती संपेपर्यंत प्रस्ताव मागे घेता येत नाही. तुम्ही मुदतीत जसाच्या तसा होकार कळवला की करार झाला. ‘कन्फर्मेशनच्या अधीन’ हे शब्द आले की हे सगळं कोलमडतं. मग कोटेशन म्हणजे नुसती दराची माहिती. तुम्ही पाठवलेली पर्चेस ऑर्डर हाच पहिला प्रस्ताव, आणि तो घ्यायचा की नाही हे विक्रेत्याच्या मर्जीवर. तुम्हाला वाटतं आपण सौदा पक्का केला. प्रत्यक्षात तुम्ही फक्त प्रस्ताव ठेवलेला असतो.

मी पर्चेस ऑर्डर पाठवली. ग्रेड ३१६, १,२०० नग, दर १२.४०, डिलिव्हरी ४५ दिवसांत, सगळं त्यात होतं. उत्तरादाखल प्रोफॉर्मा इन्व्हॉइस आलं, सोबत दोन ओळींचा मेल: "ऑर्डरबद्दल आभार. प्रोफॉर्मा जोडत आहे, अ‍ॅडव्हान्स पाठवा म्हणजे काम सुरू करतो." ‘ऑर्डरबद्दल आभार’ असं लिहिलंय हो त्यात! हे वाचून ऑर्डर लागली असं कुणाला वाटणार नाही?

तो कागद मी आज डोळे मिटूनही सांगू शकतो. वर कंपनीचं नाव, इन्व्हॉइस क्रमांक, तारीख. मध्ये तक्ता, एकूण १४,८८० डॉलर, ३० टक्के अ‍ॅडव्हान्स ४,४६४. खाली बँकेचं नाव, खाते क्रमांक, स्विफ्ट कोड, गोल शिक्का. आणि उजवीकडे वर एक छोटी चौकट, ‘खरेदीदाराचा ऑर्डर क्रमांक’. तिच्यात नुसती आडवी रेघ. माझा पर्चेस ऑर्डर क्रमांक त्यांच्याकडे होता, मेलच्या विषयातही होता, तरी चौकटीत रेघ. मालाच्या रकान्यात ‘एसएस ३०४/३१६’. डिलिव्हरीपुढे ‘ऑर्डर कन्फर्मेशननंतर ४५ दिवस’.

याच ठिकाणी थांबायला हवं होतं. या तीन गोष्टी एका पानावर माझ्यासमोर होत्या आणि त्या आठवल्या की आजही जीव जळतो. रेघेचा अर्थ हा की हा कागद तुमच्या ऑर्डरशी जोडलेलाच नाही. तिरक्या रेघेचा अर्थ हा की ग्रेड आम्ही ठरवू. आणि डिलिव्हरीच्या ओळीचा अर्थ हा की दिवस मोजायला सुरुवात करणारा कागद अजून निघालेलाच नाही, तो निघेल की नाही हेही आमच्या हातात. पण हे मी आज सांगतोय. तेव्हा रक्कम बरोबर, दर बरोबर, नग बरोबर. माणूस आधी आकडेच ताडून बघतो. आणि विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून आकड्यांत तो कधी गडबड करत नाही.

प्रोफॉर्मा इन्व्हॉइस म्हणजे माल निघण्यापूर्वी बनवलेलं कच्चं बिल. ते खरं बिल नव्हे. विक्रेत्याच्या हिशेबात त्यावरून येणं धरलं जात नाही. खरं कमर्शियल इन्व्हॉइस माल रवाना होताना निघतं. प्रोफॉर्मा लागतं ते बँकेत लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी, उघडायला, आगाऊ रक्कम परदेशी पाठवायला, आयात परवाना लागत असेल तर त्याच्या अर्जाला. म्हणजे तुमच्या बाजूची कामं उरकायचा तो कागद. विक्रेत्याला तो आपोआप बांधत नाही. उलट त्यातल्या अटी तुमच्या ऑर्डरपेक्षा वेगळ्या असतील आणि तुम्ही त्यावर पैसे पाठवलेत, तर तुम्ही बदललेल्या अटी मान्य केल्या असं म्हणायला विक्रेता मोकळा. दर, ग्रेड, नग, पैसे देण्याची पद्धत किंवा डिलिव्हरी यांतलं काहीही बदललं की तो नवा उलट-प्रस्ताव झाला. त्यावर पैसे म्हणजे तुमचा होकार.

ऑर्डर कन्फर्मेशन हा तिसरा कागद, आणि विक्रेत्याचा स्पष्ट होकार ज्यात असतो असा यातला एकच. तुमच्या पर्चेस ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख, माल, ग्रेड, नग, दर, रवानगीची तारीख, आणि ‘आम्ही ही ऑर्डर स्वीकारतो’ हे शब्द, खाली सही. हा आला की विक्रेता अडकला. म्हणूनच तो येत नाही. प्रोफॉर्मा मागायच्या आधी धाडतात, कन्फर्मेशन मागून मागून थकलो तरी नाही.

मी ४,४६४ डॉलर पाठवले. नंतर विचारलं की माल कधी निघतोय, तर उत्तर आलं की कच्च्या मालाचे भाव चढलेत, नवा दर १४.९०. एकूण १७,८८०, त्याचे ३० टक्के ५,३६४, म्हणजे आणखी ९०० पाठवा, लगेच कन्फर्मेशन देतो. मी भांडलो. म्हणाले, पटत नसेल तर सौदा सोडा, पण अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही, पुढच्या ऑर्डरमध्ये वळता करू. ४,४६४ अडकलेले असताना ९०० साठी कोण मागे हटेल? तिकडे माझं गिऱ्हाईक रोज फोन करत होतं. भरले. पैसे पोचल्याचा मेल आला, कन्फर्मेशन काही आलं नाही. मग उत्तरं येणं बंद झालं आणि शेवटी वकिलाच्या नोटिशीला ते एकच वाक्य आलं, ऑर्डर कन्फर्म केलेली नाही.

यातली लबाडी बघा. ग्रेडबद्दल विचारलं की सांगतात, तुम्ही आमचं प्रोफॉर्मा स्वीकारलंत, त्यात ३०४ पण आहे. डिलिव्हरीबद्दल विचारलं की सांगतात, अजून करारच नाही. एकाच कागदाच्या जोरावर सौदा झालाय पण आणि झाला नाही पण.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी माझाच अर्ज माझ्यापुढे सरकवला, कारणाच्या रकान्यात ‘प्रोफॉर्मानुसार अ‍ॅडव्हान्स’, खाली माझी सही. पैसे परत बोलावण्याचा संदेश तिकडच्या बँकेला पाठवला, त्याचे ३५ डॉलर वेगळे घेतले. उत्तर आलं, खातेदाराची संमती नाही. एकदा समोरच्या खात्यात रक्कम जमा झाली की त्याच्या संमतीशिवाय ती परत येत नाही, हे त्या बाईंना आधीपासून माहीत असणार. मग माझा अर्ज घेताना, रक्कम पाठवताना, कुणी एका शब्दानं विचारलं का, की कन्फर्मेशन कुठे आहे? रोज असे कागद त्यांच्या हाताखालून जातात.

पोलिसांनी तर पहिल्या पाच मिनिटांत हात झटकले. "पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत ना? कंपनी खरी आहे ना? मग ही दिवाणी बाब, कोर्टात जा." कंपनी खरी आहे हाच जणू तिचा बचाव! नाव-पत्ता नसलेला भामटा असता तर गुन्हा. शिक्का मारून, हिशेब करून, कायदेशीर वाक्यं लिहून लुबाडलं की मतभेद. तक्रार लिहून घ्या म्हटलं तर साधा अर्ज घेतला, पोचही मागून घ्यावी लागली. व्यापाऱ्यांच्या संघटनेकडे गेलो, त्यांनी सांगितलं की विक्रेता आमचा सभासद नाही. तिकडच्या वकिलातीला लिहिलं, त्यांनी वकिलांची यादी पाठवली. प्रत्येक जण कागद चाळतो, तिसऱ्या कागदाची चौकशी करतो, तो नाही म्हटल्यावर फाईल बंद करतो. तो कागद नाही हीच तर माझी तक्रार आहे!

वकिलानं तेवढं सरळ सांगितलं. अ‍ॅडव्हान्स घेणं हीच कृतीतून दिलेली स्वीकृती, असा मुद्दा मांडता येतो आणि तो बिनबुडाचा नाही. पण ‘लेखी कन्फर्मेशनच्या अधीन’ ही ओळ आड येते, आणि परदेशात दावा लावायचा खर्च ५,३६४ च्या पुढे जातो. रक्कम बेतानंच मागितली जाते ती यासाठीच, असं मला आता वाटतं.

म्हणून कन्फर्मेशन हातात नसताना पैसे पाठवू नका, कितीही घाई दाखवली तरी. प्रोफॉर्मावर तुमचा ऑर्डर क्रमांक नसेल तर ते तसंच परत पाठवा. ग्रेडमध्ये तिरकी रेघ, डिलिव्हरीत ‘नंतर’, दरापुढे ‘अधीन’ दिसलं की दुरुस्त कागद मागा. प्रामाणिक विक्रेता तो लगेच देतो, त्याला त्यात काही त्रास नसतो. मी आता पर्चेस ऑर्डरमध्येच लिहितो: सही केलेलं ऑर्डर कन्फर्मेशन आल्यानंतर ३ कामाच्या दिवसांत अ‍ॅडव्हान्स, अ‍ॅडव्हान्स स्वीकारल्यास ही ऑर्डर याच अटींवर स्वीकारली असे समजले जाईल, रवानगी ठरल्या तारखेला न झाल्यास पूर्ण अ‍ॅडव्हान्स १० दिवसांत परत. यावर कुरकुर करणाऱ्याशी मी व्यवहारच करत नाही.

आणि ज्यांचे पैसे आधीच गेलेत त्यांनी आजच मेल करा: अमुक तारखेपर्यंत लेखी कन्फर्मेशन द्या, नाहीतर रक्कम परत करा. फोनवर बोलू नका. बँकेला परत बोलावण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या, कारण रक्कम अजून मधल्या बँकेत असेल तर ती थांबू शकते. आणि दर वाढला म्हणून आणखी मागितले, तर कितीही थोडे असोत, देऊ नका. माझे ते ९०० असेच गेले.