शब्द बदलावा की प्रसंग सांगावा?

गृहप्रवेशाच्या फोटोखाली ‘फीलिंग ब्लेस्ड’ ही शिळी ओळ टाळायची तर दोन वाटा आहेत. एक, शब्द बदलणं: ‘धन्य झालो’, ‘कृतार्थ’. हे झटपट होतं, पण तीच ओळ बारशालाही चालते, म्हणजे शिळेपणा तसाच राहतो. आजोबांच्या तोंडी ‘भरून पावलो’ मात्र खरं वाटतं.

दुसरी वाट म्हणजे भावनेचा शब्दच गाळून फोटोत न दिसणारी गोष्ट सांगणं: ‘कुलूप आईने उघडलं. आत गेल्यावर आधी खिडकीत तुळस ठेवली, मग बाबांना फोन लावला.’ मला हीच आवडते. आभार मानतानाही ‘सर्वांचा ऋणी’पेक्षा ‘काकूने रात्री दोनपर्यंत खोकी उचलली’ लिहावं. तुळस फोटोतच दिसत असेल, तर फक्त फोनचं लिहावं.